व्याजदर बदलला, पण हप्ता तोच राहिला? गृहकर्जाची मुदत कशी वाढते ते समजून घ्या

फ्लोटिंग दराचे गृहकर्ज घेतले की कधी ना कधी बँकेचा मेसेज येतो: तुमच्या कर्जाचा व्याजदर अमुक तारखेपासून इतका झाला आहे. मेसेज वाचून बहुतेक जण एकच गोष्ट पाहतात, पुढच्या महिन्यात खात्यातून हप्ता किती गेला. तेवढाच गेला असेल तर हायसे वाटते आणि विषय तिथेच संपतो. खरी गडबड इथेच होते. दर वाढूनही हप्ता वाढला नसेल, तर ते पैसे माफ झालेले नसतात. बँकेने कर्जाची मुदत वाढवलेली असते, म्हणजे शेवटी आणखी काही हप्ते जोडलेले असतात. ते किती, हे त्या मेसेजमध्ये अनेकदा ठळकपणे दिसत नाही.

हा लेख नवीन कर्जदारांसाठी आहे. गणिताची फारशी आवड नसली तरी चालेल. गुणाकार-भागाकार आणि मोबाइलवरचे एखादे स्प्रेडशीट अॅप एवढ्यावर काम भागते.

आधी हप्त्याच्या पोटात काय आहे ते बघा

समजा तुमचे ३० लाख रुपये मुद्दल शिल्लक आहे, व्याजदर ८ टक्के आहे आणि अजून २४० हप्ते, म्हणजे २० वर्षे बाकी आहेत. या कर्जाचा महिन्याचा हप्ता २५,०९३ रुपये येतो. संपूर्ण लेखात आपण हेच उदाहरण घेऊ.

या हप्त्यातून बँक आधी त्या महिन्याचे व्याज घेते आणि जे उरते ते मुद्दलात जमा करते. ३० लाखांवर ८ टक्के म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार, महिन्याचे २०,००० रुपये व्याज. म्हणजे २५,०९३ पैकी २०,००० व्याजात गेले आणि कर्ज खऱ्या अर्थाने कमी झाले फक्त ५,०९३ रुपयांनी. पुढच्या महिन्यात मुद्दल थोडे कमी असते, म्हणून व्याज थोडे कमी लागते आणि मुद्दलात थोडे जास्त जाते. असे करत करत २४० व्या हप्त्याला कर्ज संपते.

आता दर ९ टक्के झाला आणि बँकेने हप्ता तसाच ठेवला असे धरा. महिन्याचे व्याज झाले २२,५०० रुपये. हप्ता २५,०९३ रुपयेच आहे, मग मुद्दलात जाणार फक्त २,५९३. दर एकच टक्का वाढला, पण दर महिन्याला फिटणारे मुद्दल जवळजवळ निम्म्यावर आले. मुदत का वाढते याचे कारण एवढेच आहे. मुद्दल कमी व्हायचा वेग मंदावला की कर्ज संपायला वेळ लागणार, आणि त्या वाढीव काळात पुन्हा व्याज चढत राहणार.

हा २,५९३ चा आकडा लक्षात राहू द्या. तुमच्या स्वतःच्या कर्जात हा आकडा किती आहे हे काढणे, ही पुढच्या सगळ्या हिशेबाची सुरुवात आहे.

हप्ता सरळ वाढतो, मुदत उसळी मारते

दर वाढला की दोन टोकाचे मार्ग असतात. एक, मुदत २४० हप्तेच ठेवायची आणि हप्ता वाढवायचा. दुसरा, हप्ता २५,०९३ रुपयेच ठेवायचा आणि मुदत वाढू द्यायची. दोन्ही मार्गांचे आकडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो.

| व्याजदर | मुदत २४० ठेवल्यास हप्ता | हप्ता २५,०९३ ठेवल्यास एकूण हप्ते |
|---|---|---|
| ८ टक्के | २५,०९३ | २४० |
| ८.५ टक्के | २६,०३५ | २६६ |
| ९ टक्के | २६,९९२ | ३०४ |
| ९.५ टक्के | २७,९६४ | ३७२ |
| १० टक्के | २८,९५१ | ६७५ |

मधला रकाना सावकाश वाचा. दर अर्ध्या टक्क्याने वाढला की हप्ता साधारण साडेनऊशे ते हजार रुपयांनी वाढतो, आणि प्रत्येक पायरीला जवळपास तेवढाच वाढतो. शेवटचा रकाना मात्र तसा चालत नाही. पहिल्या अर्ध्या टक्क्याला २६ हप्ते वाढले, दुसऱ्याला ३८, तिसऱ्याला ६८ आणि चौथ्याला थेट तीनशेच्या वर. १० टक्क्यांना कर्ज संपायला ५६ वर्षे लागतील. कोणतीही बँक एवढी मुदत देणार नाही हे उघड आहे, पण गणित तिकडेच जाते.

त्याच्याही पुढे एक रेषा आहे. १० टक्क्यांना महिन्याचे व्याज २५,००० रुपये होते, म्हणजे हप्त्यातून मुद्दलाला उरतात फक्त ९३ रुपये. दर १०.०४ टक्क्यांच्या आसपास पोहोचला की व्याज हप्त्याएवढे होते. त्याहून वर गेला तर हप्ता भरूनही व्याज पुरते फिटत नाही आणि दर महिन्याला कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बँकांना याबद्दल बजावले आहे. मुदत वाढवताना अशी स्थिती येता कामा नये, म्हणजे हप्त्यातून किमान त्या काळाचे व्याज तरी फिटले पाहिजे.

आता खर्चाकडे बघू. दर ९ टक्के झाल्यावर हप्ता २६,९९२ केला आणि २४० हप्ते भरले, तर एकूण भरणा सुमारे ६४ लाख ७८ हजार रुपये होतो. हप्ता तोच ठेवून मुदत ३०४ पर्यंत जाऊ दिली, तर भरणा होतो सुमारे ७६ लाख २२ हजार. महिन्याला १,८९९ रुपये वाचवण्याची किंमत साडेअकरा लाखांच्या जवळ जाते. हे पैसे पुढच्या पंचवीस वर्षांत हळूहळू जातात, त्यामुळे त्यांचे मूल्य आजच्या साडेअकरा लाखांइतके नाही हे मान्य. तरीही जी माणसे हप्ता न वाढल्याने निश्चिंत झाली, त्यांना हा आकडा कुणीतरी दाखवायला हवा होता असे मला वाटते.

दर वाढला तेव्हा कर्ज कोणत्या टप्प्यावर होते?

एक टक्का वाढला की ६४ हप्ते वाढतात, असा सरसकट नियम मात्र धरू नका. हे ६४ हप्ते वाढले कारण २० वर्षे बाकी होती. हेच कर्ज ८ टक्क्यांनी नीट चालत आले आणि शेवटचे ६० हप्ते उरले असताना दर ९ टक्के झाला असे समजा. तेव्हा शिल्लक मुद्दल साधारण १२ लाख ३७ हजार असेल. त्यावर ९ टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते ९,२८० रुपयांच्या आसपास. २५,०९३ च्या हप्त्यातून मुद्दलाला पंधरा हजारांहून अधिक रक्कम उरतेच. अशा वेळी ६० चे ६२ हप्ते होतात, बस्स.

म्हणून कर्जाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत दर वाढला तर ताबडतोब हिशेब मांडावा. शेवटच्या चार-पाच वर्षांत वाढला तर फार धावपळ करण्याची गरज नसते. हीच ओळख दुसऱ्या बाजूनेही करता येते: हप्त्यात व्याजाचा वाटा जितका मोठा, तितकी मुदत दराला जास्त हलते. व्याजाचा वाटा हप्त्याच्या ऐंशी-नव्वद टक्के असेल तर सावध व्हा. तीस-चाळीस टक्के असेल तर निवांत राहा.

पायरी १: तुमचा दर कशाला बांधलेला आहे ते शोधा

सँक्शन लेटर किंवा कर्जाचा करार काढा. फ्लोटिंग दराचे दोन भाग असतात: एक बेंचमार्क, म्हणजे ज्याच्यावरून तुमचा दर ठरतो तो संदर्भ दर, आणि त्यावर बँकेने लावलेला स्प्रेड, म्हणजे जास्तीची टक्केवारी. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवीन फ्लोटिंग गृहकर्जे बाहेरच्या बेंचमार्कला बांधणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला आहे. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर. अशा कर्जांचा व्याजदर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावा लागतो. याला रीसेट म्हणतात. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने दर बदलल्याची बातमी आज आली तरी तुमच्या कर्जाचा दर तुमच्या रीसेटच्या तारखेला बदलेल.

एप्रिल २०१६ नंतरची, पण ऑक्टोबर २०१९ च्या आधीची कर्जे बहुधा एमसीएलआर नावाच्या बँकेच्या अंतर्गत दराला जोडलेली असतात. त्यांचा रीसेट अनेकदा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होतो आणि रेपोतला बदल त्यांच्यापर्यंत उशिरा व अर्धवट पोहोचतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना बाहेरच्या बेंचमार्कची सक्ती नाही. त्यांची बहुतेक कर्जे त्यांच्या स्वतःच्या संदर्भ दराला बांधलेली असतात.

हे तपासण्याचे कारण असे की दर खाली येताना तक्रार नेहमी इथे असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. पुढे फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर या दुसऱ्या काळात सव्वा टक्क्याने उतरायला हवा. तुमचा तेवढा उतरला नसेल, तर कर्ज कोणत्या बेंचमार्कला आहे आणि मधल्या काळात स्प्रेडमध्ये काही बदल झाला का, हे दोन प्रश्न बँकेला लेखी विचारा. जुन्या बेंचमार्कवरून रेपोवर येण्याची सोय बँका देतात. त्यासाठी थोडे शुल्क लागू शकते, पण बरीच वर्षे बाकी असतील तर ते सहसा परवडते.

पायरी २: चार आकडे मिळवा

बँकेच्या अॅपवर किंवा शाखेत कर्जाचे स्टेटमेंट मागा. त्यातून चार आकडे वहीत उतरवा: आजचे शिल्लक मुद्दल, आजचा व्याजदर, हप्त्याची रक्कम आणि उरलेले हप्ते. वर सांगितलेल्या २०२३ च्या परिपत्रकानुसार बँकेने दर तिमाहीला तुम्हाला असे विवरण उपलब्ध करून द्यायचे असते. त्यात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळे सोप्या भाषेत असले पाहिजे. मिळत नसेल तर मागायला संकोच करू नका.

इथे एक चूक वारंवार होते. लोक कर्ज घेतेवेळची रक्कम आणि मूळ मुदत घेऊन हिशेब करतात. पाच वर्षे हप्ते भरलेल्या माणसाने ‘३० लाख, २० वर्षे’ असे टाकले तर उत्तर चुकणारच. नेहमी आजचे मुद्दल आणि आजपासूनची मुदत घ्या.

पायरी ३: मुद्दलाला किती उरते ते काढा

शिल्लक मुद्दलाला व्याजदराने गुणा आणि १,२०० ने भागा. हे या महिन्याचे व्याज. ते हप्त्यातून वजा करा. आपल्या उदाहरणात ३०,००,००० गुणिले ९, भागिले १,२०० म्हणजे २२,५००, आणि उरले २,५९३. बहुतेक बँका रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात, त्यामुळे महिन्यात किती दिवस आहेत यावर स्टेटमेंटमधला आकडा थोडा पुढेमागे होईल. शंभर-दोनशे-पाचशेचा फरक चालतो. मात्र तीन-चार हजारांचा फरक दिसला तर दर किंवा मुद्दल तुम्ही चुकीचे घेतले आहे, किंवा बँकेला विचारण्यासारखे काही आहे.

पायरी ४: नवी मुदत आणि नवा हप्ता काढा

स्प्रेडशीटमध्ये ही दोन सूत्रे टाका. पहिल्यात हप्ता तसाच ठेवल्यास किती महिने लागतील ते कळते, दुसऱ्यात मुदत तशीच ठेवल्यास हप्ता किती होईल ते.

```
=NPER(9%/12, -25093, 3000000)
=PMT(9%/12, 240, -3000000)
```

पहिल्याचे उत्तर ३०३.७७ येते, म्हणजे ३०३ पूर्ण हप्ते आणि शेवटचा थोडा कमी रकमेचा. दुसऱ्याचे उत्तर २६,९९२ च्या जवळ येते. तुमचा दर, हप्ता, मुद्दल आणि उरलेले महिने त्या त्या जागी घाला. पहिल्या सूत्रात हप्त्याच्या आधीचे आणि दुसऱ्यात मुद्दलाच्या आधीचे उणे चिन्ह विसरू नका. पहिल्या सूत्राचे उत्तर उणे आले, तर हे चिन्ह राहून गेले आहे. उत्तराऐवजी `#NUM!` दिसू लागले, तर मात्र अर्थ गंभीर आहे: तुमचा हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही.

हे उत्तर बँकेने सांगितलेल्या उरलेल्या हप्त्यांशी ताडून पाहा. एखाद-दुसऱ्या महिन्याचा फरक असेल तर ठीक. दर वाढूनही स्टेटमेंटमध्ये हप्ता तोच आणि उरलेले हप्तेही जुनेच दिसत असतील, तर मात्र सावध व्हा. दोन्ही एकाच वेळी तसेच राहू शकत नाहीत. एकतर स्टेटमेंट अजून अद्ययावत झालेले नाही किंवा मुदतीच्या शेवटी मोठी शिल्लक उरणार आहे. दोन्ही परिस्थितींत बँकेकडून नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्या आणि त्यातली शेवटची ओळ वाचा. तिथे शिल्लक शून्य व्हायला हवी.

पायरी ५: आता निवड करा

दर वाढल्यावर रीसेटच्या वेळी बँकेने कर्जदाराला निवडीची संधी द्यावी, हा त्या परिपत्रकाचा गाभा आहे. हप्ता वाढवा, मुदत वाढवा, दोन्ही थोडे थोडे करा, किंवा काही रक्कम आधीच भरा. काही बँका स्थिर दराकडे वळण्याची सोयही देतात, तिचे शुल्क आणि नवा दर आधी विचारून घ्यावा.

खिशाला शक्य असेल तर मुदत आहे तिथेच ठेवून हप्ता वाढवणे मला सर्वांत बरे वाटते, आणि कारण वरच्या तक्त्यात आहे. पण प्रत्येकाला लगेच १,८९९ रुपये जास्त देणे जमेलच असे नाही. अशा वेळी ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा विचार करू नका, कारण सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग मधला आहे आणि तो फार गुणकारी आहे. ९ टक्के दराला हप्ता २५,०९३ वरून फक्त २६,००० केला, म्हणजे ९०७ रुपये वाढवले, तर मुदत ३०४ ऐवजी २६९ हप्ते होते. नऊशे रुपयांनी जवळजवळ तीन वर्षे वाचतात. असे होण्याचे कारण तेच आहे. मुद्दलाला जाणारी रक्कम २,५९३ होती, ती ३,५०० झाली. हप्त्यात वाढ साडेतीन टक्क्यांची, पण मुद्दल फिटण्याचा वेग पस्तीस टक्क्यांनी वाढला.

एकरकमी पैसे हाताशी असतील तर तिसरा मार्ग. ९ टक्क्यांना २५,०९३ च्या हप्त्यात २४० महिन्यांत कर्ज संपवायचे असेल, तर मुद्दल सुमारे २७ लाख ८९ हजारांपर्यंत उतरले पाहिजे. म्हणजे आज साधारण २ लाख ११ हजार भरले की हप्ताही तोच राहतो आणि मुदतही तीच राहते. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर असे पार्ट पेमेंट केल्याबद्दल बँक दंड आकारू शकत नाही. फक्त हातातली शेवटची बचत यात घालू नका. आजारपण किंवा नोकरीतला खंड यांसाठी काही महिन्यांचे हप्ते बाजूला असले पाहिजेत. कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या वेळी सहजासहजी परत काढता येत नाही, काही विशेष खाती सोडली तर.

मुदत वाढवणेच योग्य ठरेल अशाही परिस्थिती असतात. घरात दुसरे उत्पन्न तात्पुरते बंद आहे, मुलांच्या शिक्षणाची दोन-तीन वर्षे जड आहेत, तर हप्ता न वाढवणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. फक्त तो तुम्ही ठरवून घेतलेला असावा आणि हात मोकळा झाला की हप्ता वाढवायचा हे मनात पक्के असावे.

आणखी एक मर्यादा आधीच पाहून ठेवा. बँका कर्ज किती वयापर्यंत संपले पाहिजे याची अट घालतात आणि कमाल मुदतही ठरलेली असते. पन्नाशीच्या आसपासच्या कर्जदाराची मुदत फार वाढू शकत नाही. अशा वेळी बँक स्वतःहून हप्ता वाढवते. म्हणजे ज्याने आतापर्यंत फक्त मुदत वाढताना पाहिली, त्याला एखाद्या रीसेटला अचानक मोठा हप्ता भरावा लागू शकतो. करारात ही वयाची अट शोधा आणि आपण तिच्यापासून किती दूर आहोत ते बघा.

दर उतरला तर?

इथे सल्ला सोपा आहे. समजा तुमचे कर्ज ९ टक्क्यांचे आहे, मुद्दल ३० लाख, २४० हप्ते बाकी, हप्ता २६,९९२. दर ८ टक्के झाला. हप्ता २५,०९३ पर्यंत उतरवून घेता येतो, किंवा तोच ठेवून मुदत २०४ हप्त्यांपर्यंत आणता येते. दुसऱ्या मार्गाने तीन वर्षे आधी मोकळे होता आणि एकूण भरणा सुमारे ५ लाख ३५ हजारांनी कमी होतो. ज्या हप्त्याची सवय झाली आहे तो तसाच चालू ठेवणे तुलनेने सोपे असते, म्हणून शक्य असेल तर हप्ता उतरवू नका.

काही बँका दर उतरल्यावर आपोआप मुदत घटवतात, काही हप्ता घटवतात. तुमच्याकडे काय झाले ते गृहीत धरू नका, स्टेटमेंटमध्ये पाहा. विशेषतः २०२२-२३ मध्ये ज्यांची मुदत वाढली होती त्यांनी नीट पाहावे. वाढलेली मुदत तशीच ठेवून नंतर फक्त हप्ता घटवला गेला असेल, तर दर उतरूनही कर्ज मूळ तारखेच्या बरेच पुढे संपणार आहे. अशा वेळी हप्ता पूर्वीइतका करून मुदत मागे आणा, असा अर्ज द्यावा.

पायरी ६: बँकेला लेखी सांगा आणि झाले का ते तपासा

अर्जात मोघम काही लिहू नका. ‘माझा हप्ता वाढवा’ ऐवजी कर्ज खाते क्रमांक, हवा असलेला हप्ता, त्यामुळे अपेक्षित असलेले उरलेले हप्ते आणि कोणत्या महिन्यापासून, हे चारही लिहा. ईमेलने पाठवा किंवा शाखेत देऊन पोच घ्या. पार्ट पेमेंट करत असाल तर एक वाक्य हमखास घाला: या भरण्यानंतर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. हे न लिहिल्यास काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली जाते आणि पैसे भरण्याचा बराचसा फायदा हातचा जातो.

हप्ता वाढवताना खात्यातून आपोआप पैसे वळते होण्यासाठी दिलेल्या नॅच मँडेटची कमाल रक्कमही विचारा. नवा हप्ता त्या मर्यादेच्या वर जात असेल तर नवे मँडेट द्यावे लागते. ते राहून गेले आणि हप्ता अडकला, तर दंड बसतो आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंद होते.

त्यानंतरच्या महिन्याचे स्टेटमेंट काढून पायरी ३ पुन्हा करा: व्याज, मुद्दलाला गेलेली रक्कम आणि उरलेले हप्ते तुमच्या कागदावरच्या आकड्यांशी जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर आधी शाखेत आणि मग बँकेच्या तक्रार कक्षात लेखी तक्रार करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` या पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. सोबत अर्जाची पोच, सँक्शन लेटरमधले बेंचमार्क आणि स्प्रेडचे पान, आणि बदलाच्या आधीचे व नंतरचे अशी दोन्ही स्टेटमेंट्स जोडा.